जुन्या बोटीवरचा ईपर्ब: कोड वाचण्यापासून शोधबोट येईपर्यंत

तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी अठ्ठावीस फुटी शिडाची बोट विकत घेतली. आधीच्या मालकाने ती परदेशातून आणली होती. केबिनच्या दाराशेजारी भिंतीवर एक पिवळं यंत्र अडकवलेलं होतं आणि त्याला तांबड्या झाकणाखाली एक बटण होतं. चाचणीचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, म्हणून मी ते यंत्र ठीक आहे असं धरून चाललो.

मे महिन्याच्या शेवटी पावसाळ्यासाठी बोट वर काढायची होती. सगळं सामान धक्क्यावर काढलं, होजने धुतलं. ते पिवळं यंत्रही कंसातून काढून ओल्या दोरखंडांच्या ढिगावर ठेवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर त्याच्या डोक्यावरचा पांढरा दिवा लुकलुकत होता. मी ते पुसलं, कंसात परत अडकवलं, दिवा बंद झाला आणि मी कामाला लागलो. तीन तासांनी आधीच्या मालकाचा परदेशातून फोन आला. माणूस घाबरलेला होता. "तुम्ही जिवंत आहात ना? इथल्या बचाव केंद्रातून मला फोन आलाय की माझी बोट मुंबईजवळ संकटात आहे."

बोट माझी होती, पण उपग्रहाच्या लेखी ती अजून त्याचीच होती. मी खरोखर बुडत असतो तर बचाव केंद्राने ज्याला पहिला फोन केला असता, त्याला मी कुठल्या दिशेने निघालो, बोटीवर किती जण आहेत, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. नव्याने बोट घेणाऱ्या कोणावर अशी वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ते पिवळं यंत्र म्हणजे ईपर्ब, संकटात जागा कळवणारा रेडिओ बीकन. तो ४०६ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि त्याचा संदेश कॉस्पास-सार्सॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेच्या उपग्रहांना ऐकू येतो. वैयक्तिक वापराचा पीएलबी, म्हणजे लाईफजॅकेटला लावायचा छोटा बीकन, याच व्यवस्थेवर चालतो. मी इथे मुख्यतः बोटीवरच्या ईपर्बबद्दल लिहितो आहे.

आधी हे जवळ ठेवा

- ईपर्बवरच्या लेबलचा स्पष्ट फोटो (१५ अक्षरी कोड, मॉडेल, सीरियल नंबर, बॅटरीची मुदत)
- बोटीची नोंदणी आणि खरेदीची कागदपत्रं
- बोटीच्या रेडिओ परवान्यावरचा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक आणि कॉलसाइन, असल्यास
- बोटीचे दोन फोटो, एक बाजूने आणि एक वरून. रंग आणि लांबी ओळखू येईल असे
- किनाऱ्यावरच्या दोन माणसांचे चालू मोबाइल नंबर
- न पुसलं जाणारं मार्कर पेन

१. लेबल वाचा, एकेक अक्षर

ईपर्बच्या अंगावर १५ अक्षरांचा एक कोड असतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि `A` ते `F` एवढीच अक्षरं येतात. म्हणजे गोल दिसणारं जे काही आहे ते शून्यच, `O` हे अक्षर तिथे असूच शकत नाही. खरा घोटाळा `8` आणि `B` मध्ये होतो, विशेषतः उन्हाने लेबल फिकं पडलं असेल तर. बॅटरीच्या दिव्याखाली भिंग लावून वाचा, फोटो काढा, आणि दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. एक अक्षर चुकलं तर नोंदणी दुसऱ्याच बीकनची होते आणि तुमचा बीकन बेवारस राहतो.

या कोडमध्येच देशाचा तीन अंकी क्रमांक गुंफलेला असतो. भारताचा ४१९. हा क्रमांक विक्रेत्याने यंत्रात प्रोग्रॅम केलेला असतो, स्टिकर बदलून तो बदलत नाही. माझ्या बीकनमध्ये आधीच्या देशाचा क्रमांक होता. म्हणून झालं असं: जागा भारताच्या हद्दीत, त्यामुळे सूचना भारतीय केंद्राकडे, पण मालकाची माहिती त्या देशाच्या नोंदवहीत, म्हणून विचारणा तिकडे. जुनी बोट घेणाऱ्याने सौदा करतानाच विचारावं, कोड कुठल्या देशाचा आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तो नव्याने प्रोग्रॅम करून मिळतो. बॅटरी बदलण्याच्या वेळीच ते उरकलं तर वेगळा हेलपाटा पडत नाही. काम झालं की लेबलवरचा कोडही नवा येतो, जुनं लेबल तसंच राहिलं नाही ना ते बघा.

आणखी एक सापळा. अजूनही कुठे कुठे फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारे जुने बीकन जुन्या बोटींच्या कपाटांत सापडतात. उपग्रहांनी ती वारंवारता ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं. तसा बीकन कितीही दिवा लावत असला तरी वर कोणी ऐकत नाही.

२. नोंदणी करा, आणि फोन नंबर नीट निवडा

भारतीय कोड असलेल्या बीकनची नोंद बेंगळुरूच्या भारतीय मिशन कंट्रोल सेंटरकडे होते. हे केंद्र इस्रोच्या इस्ट्रॅक या संस्थेत आहे. अर्जात बोटीचं नाव, प्रकार, रंग, लांबी, रेडिओचे तपशील आणि मालकाचा पत्ता असतो. ही भरायला सोपी माहिती. विचार करून भरायची जागा एकच, ती म्हणजे संकटकाळी संपर्काची माणसं.

बहुतेक लोक तिथे स्वतःचा आणि बायकोचा किंवा नवऱ्याचा नंबर देतात. पण दोघंही बोटीवरच असतील तर? तुमचा फोन तर तुमच्याबरोबर पाण्यात असणार. म्हणून दोन्ही माणसं किनाऱ्यावरची हवीत, आणि त्यांना प्रत्येक वेळी सांगून निघायला हवं: कुठून कुठे, किती जण, परत कधी. मी निघताना माझ्या थोरल्या बहिणीला आणि धक्क्यावरच्या एका तांडेलाला एकच मेसेज पाठवतो. बहिणीला समुद्रातलं कळत नाही, पण ती रात्री दोनलाही फोन उचलते. तांडेल कधी उचलत नाही, पण उचलला की त्याला कुठल्या वाऱ्यात मी कुठल्या खाडीत शिरेन हे सांगता येतं. अशी जोडी उपयोगी पडते.

बचाव केंद्र विमान किंवा जहाज हलवण्याच्या तयारीत असतानाच हे फोन लावतं. "ते कालच घरी आलेत, बोट धक्क्याला बांधलेली आहे" असं उत्तर मिळालं तर चुकीची मोहीम थांबते. "हो, चौघं जण आहेत, काल संध्याकाळी जयगडहून निघाले" असं उत्तर मिळालं तर शोधणाऱ्यांना चार माणसं मोजेपर्यंत थांबायचं नाही हे कळतं. नंबर बदलला, बोट विकली, रंग बदलला, की त्याच आठवड्यात नोंद बदला.

३. बसवण्याची जागा

ईपर्बचे दोन प्रकारचे कंस मिळतात. एक साधा, ज्यातून यंत्र हाताने काढायचं. दुसरा पेटीसारखा, ज्यात पाण्याच्या दाबाने सुटणारं यंत्र असतं. बोट बुडून पेटी दीड ते चार मीटर खोल गेली की ते आतला दोर किंवा खिळा कापतं, झाकण उडतं आणि बीकन स्वतः वर तरंगत येतो. या सुटणाऱ्या यंत्राची मुदत साधारण दोन वर्षांची असते, आणि बसवल्याचा महिना त्याच्यावरच खूण करून दाखवायचा असतो. मार्कर पेन त्यासाठीच. बीकनच्या बॅटरीची मुदत वेगळी, बहुतेक पाच ते दहा वर्षांची. दोन तारखांची गल्लत करू नका.

आपोआप सुटणारा प्रकार घेतला तर तो केबिनच्या आत, छपराखाली किंवा दोरखंडांच्या जाळ्यात बसवून काही साधत नाही. सुटून वर येताना तो छपराला अडकेल. साध्या कंसातला असेल तर उलट: दाराजवळ, अंधारात हात घालून सापडेल असा. मी डोळे बांधून तीनदा काढून पाहिला. तिसऱ्या वेळी कळलं की कंसाचा पट्टा डाव्या हाताने सुटत नाही, जागा बदलली.

कंसाचं आणखी एक काम आहे जे मला माहीत नव्हतं. बहुतेक ईपर्बमध्ये कंसात लोहचुंबक असतो आणि तो यंत्राला "तू जागेवर आहेस" असं सांगतो. तेव्हा पावसाचं किंवा लाटेचं पाणी पडलं तरी ते चालू होत नाही. कंसातून बाहेर आणि वर पाणी ओळखणारे धातूचे बिंदू ओले, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते चालू. धक्क्यावर मी नेमकं तेच केलं होतं. म्हणून धुताना, रंगवताना, गाडीतून नेताना बीकन कंसासकट न्या किंवा कोरड्या पिशवीत ठेवा.

४. महिन्यातून एकदा चाचणी, आणि तेवढीच

चाचणीच्या बटणाने यंत्र स्वतःला तपासतं आणि खुणेचा एक संदेश सोडतं, ज्याला उपग्रह संकट समजत नाहीत. जीपीएस तपासायची वेगळी चाचणी असते, तिला बॅटरी जास्त लागते. ती कितीदा करायची हे मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढ्यावर थांबा. खरं बटण दाबून "बघू तर, कोणी येतं का" हा प्रकार कोणी करू नये. हिरवा दिवा एवढंच सांगतो की यंत्र बोलू शकतं. त्याचा कोड कोणाच्या नावावर आहे, लेबल बरोबर आहे का, हे दिवा सांगत नाही. माझी चूक तिथेच झाली.

५. बटण दाबल्यावर वर काय होतं

हा भाग समजला की पुढच्या सगळ्या सूचना पाठ करायची गरज राहत नाही.

चालू झाल्यावर बीकन लगेच बोलत नाही. सुमारे पन्नास सेकंदांनी पहिला संदेश जातो, मग दर पन्नास सेकंदांनी एक. प्रत्येक संदेश अर्ध्या सेकंदाचा, पाच वॅटचा. त्यात असतं काय? तो १५ अक्षरी कोड, आणि जीपीएस असलेल्या बीकनमध्ये, जागा सापडली असेल तर, अक्षांश-रेखांश. आवाज नाही, "बोट बुडते आहे" असं वाक्य नाही, किती जण आहेत तेही नाही.

हा संदेश तीन थरांतल्या उपग्रहांना ऐकू येऊ शकतो, आणि प्रत्येक थर जागा वेगळ्या रीतीने शोधतो.

सगळ्यात वरचे भूस्थिर उपग्रह, सुमारे ३६,००० किलोमीटरवर. आपल्या इन्सॅट मालिकेतल्या काही उपग्रहांवर अशी यंत्रणा बसवलेली आहे. ते आकाशात एका जागी स्थिर दिसतात, म्हणून संदेश चटकन पकडतात. पण तेवढ्याच कारणाने त्यांना जागा स्वतः काढता येत नाही. बीकनने जीपीएसची जागा पाठवली तर ती पुढे जाते, नाही पाठवली तर फक्त "अमुक कोडचा बीकन कुठेतरी चालू झालाय" एवढंच.

सगळ्यात खालचे उपग्रह ८५० ते १,००० किलोमीटरवरून ध्रुवांवरून फिरतात. या व्यवस्थेची सुरुवात त्यांच्यापासूनच झाली. पहिला १९८२ साली सोडला गेला. त्यांची युक्ती जलद गाडीच्या शिट्टीने समजते. न थांबणारी गाडी येताना शिट्टी उंच वाटते, पुढे गेली की खाली उतरते. तुम्ही रुळाला चिकटून उभे असाल तर स्वर एकदम कोसळतो. दूर शेतात उभे असाल तर हळूहळू उतरतो. म्हणजे स्वर कधी मधोमध आला यावरून गाडी तुमच्या समोर कधी आली ते कळतं, आणि तो किती झपाट्याने उतरला यावरून तुम्ही रुळापासून किती लांब आहात ते कळतं. इथे फरक एवढाच की शिट्टी खाली पाण्यात आहे आणि ऐकणारा वर धावतो आहे. ४०६ मेगाहर्ट्झच्या संदेशाचा स्वर उपग्रह क्षितिजावर असताना सुमारे ९ किलोहर्ट्झने वर सरकलेला असतो, जाताना तेवढाच खाली. उपग्रह डोक्यावरून जायला दहा-पंधरा मिनिटं घेतो, तेवढ्यात डझनभर संदेश पकडतो, आणि त्या ठिपक्यांच्या वक्ररेषेवरून जागा काढली जाते, साधारण पाच किलोमीटरच्या आत.

पण गाडीच्या शिट्टीवरून तुम्ही रुळाच्या डावीकडे आहात की उजवीकडे हे कळत नाही. इथेही तसंच. गणिताची दोन उत्तरं येतात, एक खरं आणि एक आरशातलं, उपग्रहाच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना. पृथ्वी स्वतः फिरत असल्याने त्यातलं एक थोडं जास्त पटतं, पण खात्री होते ती पुढचा उपग्रह दुसऱ्या वाटेने गेल्यावर. आणि त्याची वाट पाहण्यात वेळ जातो.

ती वाट पाहणं संपवलं मधल्या थराने. जीपीएस, गॅलिलिओ आणि ग्लोनास यांचे जे दिशादर्शक उपग्रह १९,००० ते २४,००० किलोमीटरवर फिरतात, त्यांच्यावरही ४०६ ऐकणारी यंत्रणा बसवली गेली. डिसेंबर २०१६ पासून या थराच्या सूचना वापरात येऊ लागल्या. इथे एकाच वेळी तुमच्या डोक्यावर अनेक उपग्रह असतात. एकच अर्ध्या सेकंदाचा संदेश प्रत्येकाला किंचित वेगळ्या वेळी आणि किंचित वेगळ्या स्वरात पोचतो. जमिनीवरचं केंद्र त्या वेळा जुळवून जागा काढतं. रेडिओ लहर एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जाते. म्हणजे वेळ मोजण्यात अशा दहा भागांची चूक झाली तर अंतरात तीन किलोमीटरची. म्हणून एका संदेशावरून काढलेली जागा ढोबळ असते आणि पुढचे संदेश येत जातील तशी ती आवळत जाते. जीपीएस नसलेल्या बीकनचीही जागा अशी काही मिनिटांत मिळू शकते.

आणि बीकनमध्ये जीपीएस असेल, त्याला आकाश नीट दिसत असेल, तर तो जी जागा पाठवतो ती चार सेकंद अक्षांशाच्या बारकाईची असते, म्हणजे साधारण सव्वाशे मीटर. पाच किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ जवळजवळ ७८ चौरस किलोमीटरचं होतं. सव्वाशे मीटर म्हणजे एक मोठं मैदान. नवा बीकन घेणार असाल तर जीपीएसवर पैसे वाचवू नका, एवढंच माझं म्हणणं.

खाली काय? भारतात बेंगळुरू आणि लखनऊ इथे ऐकणारी केंद्रं आहेत. तिथून सूचना बेंगळुरूच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे, आणि तिथून तटरक्षक दलाच्या सागरी बचाव समन्वय केंद्राकडे जाते. ही केंद्रं तीन: मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर. कोकण आणि गोव्यासमोरचा समुद्र मुंबईच्या वाट्याला येतो.

इथे कोकणातल्या मच्छीमार बंधूंसाठी एक गोष्ट. अनेक बोटींवर इस्रोने विकसित केलेलं 'डॅट' असतं. त्याचं काम तसंच, पण त्याचा संदेश भूस्थिर उपग्रहामार्गे जातो, त्यामुळे जागा पूर्णपणे यंत्रातल्या जीपीएसवर अवलंबून. डॅट केबिनच्या पत्र्याखाली ठेवून बटण दाबलं तर कोड पोचेल की नाही हाच प्रश्न, जागेचं तर सोडाच. त्याच्या नव्या पिढीत संदेश मिळाल्याची पोच बोटीवर परत येते, हा मोठा आधार आहे.

६. जागा मिळाली, तरी माणूस सापडायचा असतो

एक उदाहरण आकड्यांनी करून बघू. समजा सकाळी ७:१० ला जयगडच्या पश्चिमेला पस्तीस मैलांवर बोट बुडाली आणि चौघं जण लाईफराफ्टमध्ये आहेत. ७:११ च्या सुमारास पहिला संदेश, त्यात अजून जागा नाही. काही मिनिटांत जीपीएस लागलं, जागा गेली. मुंबईच्या केंद्राने फोन लावून खात्री केली आणि पन्नास मैलांवरच्या एका जहाजाला वळवलं. ते १८ नॉटने आलं तरी पावणेतीन तास. या वेळात प्रवाह एक नॉटचा आणि वारा २० नॉटचा. राफ्टला वारा त्याच्या वेगाच्या तीन-चार टक्क्यांनी ढकलतो, म्हणजे अर्धा ते पाऊण नॉट. दोन्ही एकाच दिशेने असतील तर राफ्ट दर तासाला दीड मैलाहून जास्त सरकतं. जहाज पोचेपर्यंत साडेचार मैल, म्हणजे आठ किलोमीटर. सकाळी कळलेली सव्वाशे मीटरची जागा आता रिकामं पाणी आहे.

बीकन बोलत राहिला तर जागा दर थोड्या वेळाने नवी मिळत जाते आणि हा प्रश्न उरत नाही. तो बंद पडला किंवा राफ्टपासून सुटून वेगळा वाहत गेला, तर शोधणाऱ्यांना वारा-प्रवाहाच्या गणितावरून अंदाज बांधावा लागतो. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचं 'सारट' हे साधन त्यासाठीच आहे. शेवटची जागा, वेळ आणि हरवलेल्या वस्तूचा प्रकार दिला की कुठे शोधावं ते नकाशावर दाखवतं. म्हणून बीकनचा दोर राफ्टला बांधणं फार महत्त्वाचं.

शेवटचे काही मैल वेगळ्या पद्धतीने कापले जातात. ईपर्ब ४०६ बरोबरच १२१.५ वर एक कमी ताकदीचा सलग स्वर सोडत असतो. उपग्रह तो ऐकत नाहीत, पण विमान आणि हेलिकॉप्टरमधली दिशा दाखवणारी यंत्रं त्याच्या मागावर येतात. नव्या बीकनमध्ये एआयएससुद्धा असतं; जवळच्या कुठल्याही जहाजाच्या पडद्यावर ९७४ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची खूण उमटते. रात्री मग डोक्यावरचा दिवा.

२०१८ सालचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या शिडाच्या बोटीवर एकटे होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळात बोट उलटली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. जागा होती पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर. बीकन चालू झाला, जागा कळली, मॉरिशसहून गेलेल्या आपल्या नौदलाच्या पी-८आय विमानाला बोट दिसलीही. तरी त्यांना 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजावर घेता आलं ते २४ तारखेला, कारण जवळपास जहाजच नव्हतं. आणि पाठ दुखावली आहे, चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, हे जगाला कळलं ते त्यांच्याजवळच्या मजकूर पाठवणाऱ्या वेगळ्या यंत्रामुळे. ईपर्ब तसं काही सांगूच शकत नाही. तेव्हापासून मी ईपर्बबरोबर दोन्ही बाजूंनी बोलता येणारं काहीतरी जवळ बाळगतो. किनाऱ्यालगत असेन तर किमान हातातला व्हीएचएफ रेडिओ, पाणी न शिरणारा.

७. खरी वेळ आली तर

व्हीएचएफवर चॅनल १६ वर कोणी ऐकत असेल तर आधी तिथे बोला. तिथे उत्तर मिळतं. ईपर्ब मात्र त्याची वाट न बघता चालू करा. जिवाला धोका आहे असं वाटलं की उशीर करू नका. दिवस मावळण्याआधीचा एक तास फार मोलाचा असतो.

अँटेना पूर्ण उघडा, सरळ उभी. बीकन पाण्यात उभा तरंगण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे राफ्टला दोर बांधून तो पाण्यात सोडणं उत्तम. राफ्टमध्ये ठेवायचा असेल तर छताखाली, मांडीवर आडवा ठेवू नका. ओलं छत आणि माणसांची अंगं संदेश अडवतात. हातात धरताना जीपीएसच्या अँटेनावर, बहुतेक यंत्रांत ती डोक्याच्या बाजूला असते, तळहात येऊ देऊ नका.

त्याचा दोर बुडत्या बोटीला कधीही बांधू नका. बोट खाली गेली की बीकनही खाली जाईल आणि पाण्याखालून एकही संदेश वर जात नाही. दोर फक्त राफ्टला किंवा माणसाला.

एकदा चालू केला की मदत येऊन "बंद करा" असं सांगेपर्यंत बंद करू नका. विमान डोक्यावरून गेलं म्हणून बंद केला, असं ऐकलं आहे. विमानाने पाहिलं नसेल तर? बॅटरी किमान ४८ तास चालावी अशी बनवलेली असते. अधूनमधून बंद-चालू करून ती वाचवण्याचा मोह टाळा, कारण प्रत्येक वेळी जीपीएसला पुन्हा सुरुवातीपासून जागा शोधावी लागते. पीएलबीची बॅटरी मात्र २४ तासांची असते, हे लक्षात ठेवा.

८. चुकून चालू झाला तर

पहिल्या पन्नास सेकंदांत बंद केला तर बहुधा संदेश गेलेला नसतो. तरीही कळवा, कारण तुम्ही पाहिलं तेव्हा तो किती वेळ चालू होता ते तुम्हाला ठाऊक नसतं. बंद करा, कोरडा करा, कंसात ठेवा आणि तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करा. बोटीचं नाव, १५ अक्षरी कोड, जागा आणि "चुकून चालू झाला, सर्व सुखरूप" एवढं सांगायचं. मला धक्क्यावर हे माहीत नव्हतं. मी नुसता दिवा बंद केला आणि तीन तास दोन देशांतली माणसं माझ्या मागे लागली. त्याच वेळात कोणाला खरी मदत हवी असती तर? नंतर मी स्वतः फोन केला तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि नोंद बदलायला सांगितलं.

बीकन जुना झाला, फेकायचा असेल, तरी हाच धोका. भंगारात गेलेला बीकन पाऊस पडला की चालू होतो आणि शोधणाऱ्यांना कचऱ्याच्या ढिगापर्यंत घेऊन जातो. आधी बॅटरी सर्व्हिस सेंटरकडून काढून घ्या, मग बीकन बाद झाल्याचं नोंदवा.

माझ्या बोटीवर आता ईपर्बच्या कंसाखाली एक चिकटपट्टी आहे. तिच्यावर कोड, १५५४, बॅटरीची तारीख आणि "धुताना काढू नका" असं लिहिलेलं आहे. शेवटची ओळ लाल अक्षरांत, माझ्या मुलीच्या हस्ताक्षरात.